शेवटच्या बाकावरचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात टिळक रोडवरच्या एका वर्गातलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. बाईंचा आवाज स्वच्छ होता. मध्येच पाच-सहा सेकंद नुसती पंख्याची घरघर, आणि मग बाई म्हणतात, "बरोबर, पण उलट दिशेने विचार कर." कशाबद्दल, ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रश्न तिथेच हरवला होता.

याचं कारण अंतरात आहे. बाईंनी लावलेला कॉलर माइक तोंडापासून साधारण एक वीत, म्हणजे वीस सेंटिमीटरवर असतो. विद्यार्थिनी चार मीटरवर बसली, तर ती वीसपट लांब. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे ती सव्वीस डेसिबलने मागे पडली. नंतर आवाज वाढवला तर पंखाही तितकाच वाढतो.

म्हणून मी दोन फोन वापरायला सांगतो. एक बाईंच्या कमरेला, कॉलर माइक जोडलेला. साडी असेल तर माइक पदरावर लावू नका, पदर हलला की खरखर होते. ब्लाउजच्या गळ्याशी लावा आणि मंगळसूत्र त्यावर घासत नाही ना, ते बघा. दुसरा फोन मुलांमध्ये, मधल्या बाकावर. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, ती कड मागच्या बाकांकडे करा. खाली चार घड्यांचा रुमाल घाला, नाहीतर पेन आपटल्याचा धक्का लाकडातून थेट माइकमध्ये जातो. पंख्याच्या झोताखालचं बाक टाळा. झोत माइकवर आला की फडफड होते, आणि ती नंतर नीट काढता येत नाही. दोन्ही फोन विमान मोडवर ठेवा, कारण फोन आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं.

आता खरी चूक होते ती पुढे. दोन्ही आवाज एकत्र करून पूर्ण तासभर चालू ठेवले की बाई विहिरीत बोलल्यासारख्या वाटतात. त्यांचा आवाज पाच मीटरवरच्या दुसऱ्या फोनला सुमारे पंधरा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तोच आवाज दोनदा मिसळला जातो. त्यामुळे मुलांमधल्या फोनचा आवाज फक्त प्रश्नापुरता उघडायचा, बाकी वेळ बंद.

दोन्ही रेकॉर्डिंग जुळवण्यासाठी तास सुरू होताना एक टाळी वाजवा आणि संपतानाही. दोन फोनांची घड्याळं तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. सुरुवातीची टाळी जुळली तरी शेवटची थोडी सरकलेली दिसेल, तेवढा फरक मधल्या प्रश्नांना वाटून द्यायचा.

तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला एक वाक्य वाचायला लावा आणि इअरफोन घालून ऐका. "स" आणि "श" वेगळे ऐकू येत नसतील, तर फोन दोन बाकं मागे सरकवा.