कोरी ओळ आणि छापील ओळ

नमस्कार मंडळी. माझा जन्म ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून गेला. आज संमतीपत्राबद्दल बोलायचं आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या चुलत जावेच्या उजव्या अंडाशयावर गाठ निघाली. दुर्बिणीतून काढायचं ठरलं. संमतीपत्र आलं, तर ऑपरेशनच्या नावाची ओळच कोरी! "सही करा, आम्ही मग भरतो," असं म्हणाले. मी म्हटलं, आधी भरा. मग लिहिलं गेलं, ‘दुर्बिणीद्वारे उजव्या अंडाशयाची गाठ काढणे’. त्यातला ‘उजव्या’ हा शब्द सोडू नका.

त्याखाली छापलेलं होतं, ‘आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’ बायांनो, या एका ओळीत तुमची गर्भपिशवीसुद्धा येते. नुसत्या तपासणीसाठी दुर्बीण घालायला एका बाईनं संमती दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून तिची गर्भपिशवी आणि अंडाशयं काढली. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं, की ही संमती चालत नाही. थांबल्यानं जिवाला किंवा तब्येतीला मोठा धोका असेल, तेवढाच अपवाद.

आम्ही डॉक्टरांनाच विचारलं, जास्तीचं काय करावं लागू शकतं? ते म्हणाले, गाठ चिकटलेली असली तर उजवं अंडाशय पूर्ण काढावं लागेल, आणि रक्त थांबलं नाही तर पोट उघडावं लागेल. हे खरं होतं. या दोन गोष्टी लिहून घेतल्या, छापील ओळ खोडली, आणि जावेनं पुढे लिहिलं, ‘गर्भपिशवी व डावे अंडाशय मला विचारल्याशिवाय काढू नये, जिवाला धोका असल्यास अपवाद.’ खोडलेल्या जागी तिची आणि डॉक्टरांची सही, तारीख, वेळ. तिची सही पुरेशी असते, नवऱ्याची लागत नाही. अंगठा लावणारीला कागद मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

धोक्यांच्या यादीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतडं किंवा लघवीच्या पिशवीला इजा असं होतं. घाबरू नका, पण "माझ्या बाबतीत यातलं जास्त कशाचं भय?" हे विचारा. जावेचं आधी सिझर झालेलं, म्हणून आतडं चिकटलेलं असण्याचं भय तिला जास्त होतं.

भुलेचा कागद बहुतेक वेगळा असतो. कमरेत सुई की पूर्ण भूल, ते भूलतज्ज्ञांनाच विचारा. पूर्ण भुलेत घशातून श्वासाची नळी घालतात. आपल्याकडे खर्रा खाणाऱ्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, मग ती नळी जाता जात नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते आज घरीच पाहा. जात नसतील, तर लाजू नका, ऑपरेशनच्या आधीच भूलतज्ज्ञांना सांगा, म्हणजे ते दुसऱ्या नळीची तयारी ठेवतील.