‘रद्द’ नव्हे, ‘समाप्त’: करार संपवण्याच्या पत्रातले तीन शब्द

मंडळी, एक उदाहरण धरू. वणीकडच्या एका शेतकरी गटाने गावातला कापूस जिनिंगला पोचवायला एका गाडीमालकाशी करार केला आहे. करार इंग्रजीत आहे. त्यात लिहिलंय की लेखी नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांनी कोणीही करार संपवू शकतो. आता गटाला तो मराठी पत्राने संपवायचा आहे.

पहिला शब्द नोटीस. कोशात ‘सूचना’ आहे, पण गावात सूचना फळ्यावरही लिहितात. म्हणून पत्राच्या विषयातच ‘करार समाप्तीची नोटीस’ असं लिहा आणि कराराचं कलम व तारीख टाका. चूक होते ती दिवस मोजण्यात. पत्रावर १ जानेवारी आहे आणि खाली ‘३१ जानेवारीपासून करार संपला’ असं लिहिलंय. पण पत्र गाडीमालकाच्या हाती पडलं ६ तारखेला. तो दिवस सोडून मोजलं तर तीस दिवस ५ फेब्रुवारीला भरतात. मुदत भरण्याआधीच गाडी बंद केली, तर करार मोडल्याचा ठपका गटावरच येईल. पोस्टाची पोचपावती जपून ठेवायची ती याचसाठी.

दुसरा शब्द टर्मिनेशन. बहुतेक जण ‘करार रद्द करत आहोत’ लिहून मोकळे होतात. ‘रद्द’ म्हटलं की करार मुळापासूनच गेला, असा अर्थ निघू शकतो. मग डिसेंबरच्या खेपांचं भाडं आणि तुटीचा हिशेब कशावर मागायचा, असा वाद उभा राहतो. आपल्याला फक्त पुढचं थांबवायचं आहे, म्हणून ‘समाप्त’ म्हणा.

तिसरा शब्द इन्डेम्निटी, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘नुकसानभरपाई’ लिहिलं तर समोरचा विचारतो, कोणतं नुकसान, पावती दाखवा. करार मोडल्याने झालेल्या नुकसानीची ती भरपाई. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये ती कलम ७३ मध्ये येते. इन्डेम्निटी कलम १२४ मध्ये आहे. तिथे एक जण दुसऱ्याला शब्द देतो की माझ्या किंवा तिसऱ्या कोणाच्या वागण्याने तुम्हाला तोशीस लागली, तर ती मी भरून देईन. ‘हमी’ही इथे चालत नाही. कर्जाला जामीन राहतो तशी ती वेगळी, कलम १२६ मधली गोष्ट आहे. न्यायव्यवहारातला शब्द ‘क्षतिपूर्ती’. तो ठेवा, पण लगेच त्याचा अर्थ उलगडा.

डिसेंबरच्या खेपेत गाडीने कोणाचा बैल जखमी केला आणि बैलाच्या मालकाने मार्चमध्ये गटाकडे पैसे मागितले, तर करार तेव्हा संपलेला असेल. म्हणून आधी करारातलं क्षतिपूर्तीचं कलम समाप्तीनंतरही लागू राहतं का ते तपासा. ते नसेल तर नुसत्या पत्राने नवी जबाबदारी तयार होत नाही, त्यासाठी दोघांच्या सह्या लागतात. असेल तर कलमाचा क्रमांक देऊन लिहा:

‘हे पत्र आपणांस मिळाल्यापासून तीस दिवस पूर्ण होताच करार समाप्त होईल. त्या दिवसापर्यंतच्या खेपांचे भाडे व तूट यांचा हिशेब करारानुसार होईल. त्या खेपांवरून कोणी आमच्याकडे दावा केल्यास, कराराप्रमाणे त्याची क्षतिपूर्ती आपण कराल, म्हणजे आम्हांस भरावी लागलेली रक्कम आपण आम्हांस द्याल.’