टॉर्च, चेंडू आणि दहाचं नाणं

नमस्कार नाशिककर श्रोतेहो.

22 जुलै 2009 ची सकाळ. साडेसहाही वाजले नव्हते. सुरतेत सूर्य उगवून थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात चंद्रानं तो पुरता झाकला आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ तिथे काळोख पडला. सुरत नाशिकपासून सरळ रेषेत जेमतेम 165 किलोमीटर. तरी त्या सकाळी आपल्याकडे सूर्य पुरता झाकला गेला नाही. बहुतेक भाग गेला, एक कोर मात्र उरलीच. एवढ्याशा अंतरानं असा फरक का पडावा, हे आज मी तुमच्याच घरात तुम्हाला दाखवणार आहे. रेडिओवरून दाखवणार म्हणजे हात तुमचे आणि शब्द माझे.

चार वस्तू घ्या. मोठ्या काचेचा टॉर्च, दहा रुपयांचं नाणं, साधारण 10 सेंटीमीटर रुंदीचा रबरी चेंडू आणि बटर पेपरचा तुकडा. तो पेपर टॉर्चच्या काचेवर ताणून रबरबँडनं बसवा, म्हणजे सगळी काच सारखी उजळेल. नाणं अगरबत्तीच्या काडीला चिकटपट्टीनं लावा आणि ती काडी बटाट्यात खोचा. नाण्याची छापाची बाजू टॉर्चकडे हवी, कड नको.

इथे एक सांगून ठेवतो, कारण निम्मे लोक इथेच फसतात. मोबाइलचा टॉर्च वापरू नका. त्याचा दिवा असतो मुगाएवढा, नाण्यापेक्षा कितीतरी लहान. त्यानं पडणारी सावली मागे मागे नुसती मोठी होत जाते, कुठे संपतच नाही. सूर्याचं तसं नाही. तो चंद्रापेक्षा मोठा, म्हणून चंद्राची गडद सावली मागे निमुळती होत जाऊन एका टोकाशी संपते. आपला टॉर्चही नाण्यापेक्षा मोठा हवा. काच 6 सेंटीमीटरची असेल तर उत्तम, नाणं 2.7 सेंटीमीटरचं आहे.

आता टॉर्च पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. त्याच्यापुढे 60 सेंटीमीटरवर नाणं आणि नाण्यामागे 30 सेंटीमीटरवर चेंडू. तिघेही एका उंचीला आणि एका रेषेत. ट्यूबलाइट बंद करा, पडदे ओढून घ्या.

(थोडा विराम)

चेंडूवर नीट बघा. मधोमध साधारण एक सेंटीमीटरचा काळा ठिपका दिसेल, आणि त्याच्याभोवती बरीच रुंद, फिकी होत जाणारी सावली. फिकी सावली दिसत नसेल आणि नुसता एकच मोठा काळा गोल पडला असेल, तर तुमचा दिवा लहान आहे किंवा बटर पेपर नीट बसलेला नाही.

काळ्या ठिपक्याला प्रच्छाया म्हणतात आणि भोवतालच्या फिक्या सावलीला उपच्छाया. दोन्हींत फरक काय, ते समजायला चेंडू बाजूला करा आणि त्याच्या जागी स्वतःचा डोळा आणा. एक डोळा मिटून नाण्याकडे बघा. बरोबर मधे असाल तर नाण्यामागे टॉर्च पुरता दडलेला असेल: हे खग्रास ग्रहण, सुरतेचं. आता डोकं दोन-तीन सेंटीमीटर डावीकडे सरकवा. नाण्याच्या एका कडेनं टॉर्चची उजळ कोर बाहेर आली ना? हे खंडग्रास, म्हणजे त्या सकाळचं नाशिक. तुम्ही जागा बदललीत, नाणं आणि टॉर्च जिथल्या तिथेच आहेत. नाशिकला काही वेगळा चंद्र मिळाला नव्हता. आपण ठिपक्याबाहेर, उपच्छायेत उभे होतो, इतकंच. मात्र हे टॉर्चबरोबरच हं. खऱ्या सूर्याकडे असं क्षणभरसुद्धा बघायचं नाही.

आता डोळ्याच्या जागी पुन्हा चेंडू ठेवा आणि तो हळूहळू मागे न्या. ठिपका आक्रसत जाईल. नाण्यापासून चेंडू साधारण 49 सेंटीमीटरवर गेला की तो नाहीसा होईल. प्रच्छायेचं टोक तिथे संपलं. हा आकडा माझ्या मनचा नाही, मापांतूनच येतो. नाण्याचं माप गुणिले टॉर्चपासूनचं अंतर, भागिले टॉर्च आणि नाण्याच्या मापांतला फरक: 2.7 गुणिले 60, भागिले 3.3. तुमचा टॉर्च वेगळा असेल तर तुमचं उत्तर काढा आणि फूटपट्टीनं पडताळा.

चेंडू आणखी मागे, 60 सेंटीमीटरपर्यंत न्या आणि परत तिथे डोळा लावा. नाणं टॉर्चच्या अगदी मधे आहे, तरी त्याच्याभोवती उजेडाचं गोल कडं शिल्लक राहतं. हे कंकणाकृती ग्रहण. 26 डिसेंबर 2019 ला केरळात कन्नूरला आणि तमिळनाडूत कोइमतूरला लोकांनी हेच कडं पाहिलं.

नाणं तेच, टॉर्च तोच, मग खऱ्या आकाशात हे कधी खग्रास आणि कधी कंकणाकृती का होतं? यासाठी आपल्या मांडणीला खरं प्रमाण लावून बघू. दहाचं नाणं म्हणजे चंद्र धरला तर पृथ्वी जवळजवळ 10 सेंटीमीटरची होते, म्हणजे आपला चेंडू ऐन मापाचा निघाला. पण नाणं आणि चेंडू यांच्यात अंतर ठेवायला लागेल 3 मीटर. आणि सूर्य? तो जवळजवळ 11 मीटर रुंद, म्हणजे तीन मजली घराएवढा, आणि 1160 मीटर अंतरावर. रामकुंडावर चेंडू ठेवलात तर सूर्य ठेवायला सीबीएसच्या रस्त्यानं बरंच चालावं लागेल. घरी टॉर्च 60 सेंटीमीटरवर आणला ती आपली सोय.

या खऱ्या प्रमाणात नाण्याच्या प्रच्छायेचं टोक पडतं सुमारे 2 मीटर 90 सेंटीमीटरवर. आणि चेंडू असतो 3 मीटरवर! सगळी गंमत या 10 सेंटीमीटरांत आहे. चंद्राची कक्षा पुरती गोल नाही. तो कधी 3 लाख 57 हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी 4 लाख 6 हजारांपर्यंत लांब जातो. आपल्या मापात हे 2 मीटर 77 आणि 3 मीटर 16 सेंटीमीटर. जवळ असताना ग्रहण झालं तर टोक पृथ्वीला टेकतं, लांब असताना आधीच हवेत संपतं. 2009 च्या ग्रहणाच्या आदल्याच दिवशी चंद्र त्या फेरीतल्या सर्वांत जवळच्या जागी होता. म्हणूनच पॅसिफिक महासागरात त्या दिवशी साडेसहा मिनिटांहून जास्त काळोख राहिला. या शतकातली ती सर्वांत लांब खग्रास अवस्था.

टोक टेकतं तेव्हाही पसरतं किती? घरी आपला ठिपका सेंटीमीटरभर दिसला, पण खऱ्या प्रमाणात तो फार तर दोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. ही मोहरी चेंडूवरून एक बारीक रेघ ओढत जाते, आणि त्या चेंडूवर सुरत आणि नाशिक यांच्यातलं अंतर आहे सव्वा मिलिमीटर. त्या दिवशी रेघेचा मध्य सुरतेजवळून गेला आणि आपण रेघेच्या दक्षिणेला राहिलो.

आता मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. सूर्यग्रहण अमावास्येला होतं, तर मग दर अमावास्येला का नाही? टॉर्च, नाणं, चेंडू पुन्हा एका रेषेत आणा आणि नाणं नुसतं उचलून वर धरा. सावली चेंडूच्या वरून निघून जाते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण 3 मीटर अंतरावर ते होतात 27 सेंटीमीटर, म्हणजे नाणं स्वतःच्या रुंदीच्या दहापट वर किंवा खाली जाऊ शकतं. चेंडू मधल्या रेषेच्या वर-खाली फक्त पाच-पाच सेंटीमीटर. बहुतेक अमावास्यांना सावली वरून नाहीतर खालून हुकते. चंद्र पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडतो त्या दोन जागांना पंचांगात राहू आणि केतू म्हणतात. अमावास्या या जागांच्या जवळपास पडली तरच ग्रहण. पंचांगकर्त्यांनी त्या बिंदूंचं गणित पिढ्यान्‌पिढ्या चोख मांडलं; राक्षसाची गोष्ट राहू दे बाजूला.

चंद्रग्रहणाला फार वेळ घेत नाही. चेंडू पुढे घ्या, नाणं मागे न्या. मात्र चेंडू टॉर्चपेक्षा मोठा असल्यानं इथे सावली निमुळती होणार नाही, ही आपल्या खेळातली उणीव. खऱ्या प्रमाणात चेंडूची गडद सावली नाण्यापाशी 7 सेंटीमीटर रुंद उरते, म्हणून 2.7 सेंटीमीटरचं नाणं तिच्यात आरामात बुडतं आणि बराच वेळ बुडून राहतं. 7 सप्टेंबर 2025 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, अकरा ते सव्वाबाराच्या पुढेपर्यंत चंद्र असाच सावलीत होता. इथे सुरत-नाशिक असा भेद नाही. ज्याच्या डोक्यावर चंद्र आहे त्या प्रत्येकाला सारखंच ग्रहण, कारण सावली आपल्यावर पडत नसून चंद्रावर पडते. तो तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या हवेच्या थरातून वळलेला लाल उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो.

जाता जाता पुढची तारीख लिहून घ्या: 2 ऑगस्ट 2027, सोमवार. त्या दिवशी ठिपक्याची रेघ दक्षिण स्पेनवरून, इजिप्तमधल्या लक्झरवरून आणि सौदी अरेबिया, येमेनवरून जाईल. लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळोख असेल. आपल्या वाट्याला दुपारनंतर उपच्छायेची कड, म्हणजे खंडग्रास. ढगांनी फट ठेवली तर एका जाड पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि पुठ्ठा उन्हात धरून त्याच्यामागे एक मीटरवर पांढरा कागद ठेवा. कागदावर सूर्याचं 9 मिलिमीटरचं चित्र पडेल आणि त्याचा एक तुकडा चावल्यासारखा दिसेल. पुठ्ठा नसेल तर आंब्याच्या किंवा पिंपळाच्या झाडाखाली जमिनीवर बघा. पानांतल्या फटी तेच काम करतात, आणि कवडशे एरवी गोल असतात ते त्या वेळी सगळे चावल्यासारखे झालेले असतील.

नमस्कार.