सातपैकी चार येतंय, मंग रिक्रुटरला काय लिहायचं?

तर पोरांनो, मागच्या महिन्यात आपल्या जालन्याचा एक पोरगा मेसेज घेऊन आला. वाळूजला 4 वर्षं मेंटेनन्सला आहे, शेंद्र्याच्या एका प्लँटसाठी रिक्रुटर मॅडमचा मेल आलेला. लिस्टमधी सात गोष्टी, सीमेन्स पीएलसी, एचएमआय, व्हीएफडी, सर्व्हो, स्काडा, एसएपी आणि ब्रेकडाऊन हँडलिंग. आणि ह्याचं सगळं काम मित्सुबिशीवर. म्हणला सर, सोडून देऊ का?

मी म्हणलं थांब, आधी हे बघ की पदाच्या नावात काय आहे. 'मेंटेनन्स इंजिनिअर' आहे ना, 'सीमेन्स प्रोग्रामर' नाही. नावातच सीमेन्स असतं तर मीच म्हणलो असतो की पहिल्याच ओळीत नाही सांगून मोकळा हो.

आता मॅडम काही पीएलसीवाल्या नसतात बरं का, त्यांच्याकडं शीट असती, कॉलम भरायचे आणि मॅनेजरला पाठवायचं. तुम्ही नुसतं 'इंटरेस्टेड, सीव्ही अटॅच्ड' टाकलं तर सीमेन्सच्या कॉलममधी त्या काय भरतील? म्हणून त्यांना जशीच्या तशी उचलून टाकता येईल अशी ओळ द्यायची. आम्ही हे लिहिलं (मेल इंग्रजीतच गेला, पण आतला मजकूर हाच):

'मित्सुबिशी एफएक्सवर 4 वर्षं, लॅडरमधी बदल स्वतः करतो. सीमेन्सवर फक्त ऑनलाइन जाऊन फॉल्ट शोधलाय, प्रोग्राम लिहिलेला नाही. सर्व्हो बदलून पॅरामीटर लोड केलेत, ट्यूनिंग नाही. एचएमआय, व्हीएफडी, ब्रेकडाऊन रोजचं काम. स्काडा, एसएपी केलेलं नाही. सीमेन्सचं प्रोग्रामिंग पहिल्या दिवसापासून लागणार का, की फॉल्ट फाइंडिंग पुरे?'

आणि खाली सध्याचा पगार, अपेक्षा, नोटिस पिरियड 60 दिवस. हे तीन नसले की मॅडमला परत विचारावं लागतं आणि तोवर दुसऱ्याचं नाव पुढं गेलेलं असतं.

'सीमेन्सचं बेसिक नॉलेज आहे' असं काहून नाही लिहिलं? कारण मी एकदा लिहिलं होतं! टेक्निकल राउंडला समोरच्यानं सहज विचारलं, रेसिपीच्या व्हॅल्यू कुठं ठेवता? मी म्हणलो डी रजिस्टरमधी. तो हसला. डी रजिस्टर मित्सुबिशीचं, सीमेन्समधी डेटा ब्लॉक असतो, आणि जो रोज त्यावर बसतो त्याच्या तोंडून डीबी आपोआप येतं. पुढं त्यानं मला जे खरंच येत होतं तेही नीट विचारलं नाही, लई वाईट वाटलं. लॅडरचं लॉजिक दोन्हीकडं तेच, पण ॲड्रेस आणि सॉफ्टवेअर वेगळं, आणि हे आधी सांगितलं असतं तर त्यानं लॉजिकचंच विचारलं असतं.

पोराला दुपारपर्यंत उलट मेल आला. एसएपी आल्यावर शिकवू, सीमेन्सला फॉल्ट फाइंडिंगच लागतं, पण सर्व्होचा कोणता अलार्म आला की तुम्ही काय करता ते मॅनेजरनी विचारलंय. तो आता त्याच्या ब्रेकडाऊनच्या डायऱ्या काढून बसलाय.