चौथी संपली, आता शाईपेन! पण दुकानात मुलाला बरोबर न्या

नमस्कार मंडळी! एप्रिल आला की माझ्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "मुलगी चौथी पास होतेय, जूनपासून हायस्कूलला पाचवीत जाणार, कायम लक्षात राहील असं काय देऊ?" यंदा हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की वेगळा व्हिडिओच करतेय.

माझं उत्तर आहे शाईपेन. आपल्याकडे बऱ्याच शाळांत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून पेन असतं. शाळा बदलते, मित्र बदलतात, आणि हातातली वस्तूही बदलते. म्हणून ही भेट नेमकी त्या वळणावरची वाटते मला.

आता सोप्या गोष्टी पटापट. निब फाइन घ्या, मीडियम नको. शाळेच्या वह्यांचा कागद पातळ असतो, जाड निबची शाई मागच्या पानावर उतरते. पेन हलकं हवं. शाई वॉशेबल निळी, म्हणजे युनिफॉर्मवर सांडली तर धुतल्यावर निघते. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं लिहिलेलं पाहा, चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई चुकूनही भरू नका, ती आत वाळून बसते. भरायला कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी, किंवा कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी बरी. ड्रॉपरने भरायची पेनं मला स्वतःला फार आवडतात, पण त्यांत शाई कमी झाली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात ते नको. किंमत? दोनशे-तीनशे रुपयांत छान लिहिणारं पेन मिळतं.

झालं. आता मुख्य मुद्दा, आणि तो मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पेन घेण्याआधी मुलाला त्याने लिहून पाहू द्या. तुम्ही लिहून पाहून उपयोग नाही.

कारण सांगते. [निब कॅमेऱ्याजवळ] ही चीर दिसतेय? निबच्या दोन पात्यांमधून शाई आपोआप टोकापर्यंत येते. दोन्ही पाती कागदाला सारखी टेकली तरच ती उतरते. पेन थोडं जरी कुशीवर वळलं तरी एकच पातं टेकतं, चीर कागदावरून उचलली जाते आणि शाई तुटते. आता चौथीतलं मूल पेन्सिल कशी धरतं ते आठवा. टोक बोथट झालं की बोटांत फिरवून घेतं, कारण पेन्सिल कुठूनही लिहिते. चार वर्षांची सवय आहे ती! हातात शाईपेन आलं तरी बोटं ते फिरवणारच. मग मूल म्हणतं, पेन चालत नाही, आणि आपण शाईला, कागदाला, दुकानदाराला दोष देतो.

दुसरं म्हणजे दाब. पेन्सिल दाबल्याशिवाय ठळक उमटत नाही. शाईपेनला दाब मुळीच लागत नाही. दाबलं की पाती फाकतात, आधी रेघ जाड येते, आणि रोज असंच झालं तर पाती फाकलेलीच राहतात. मग शाई टोकापर्यंत पोचत नाही.

म्हणून दुकानात जाताना मुलाची वापरलेली वही न्या. दुकानदार निब शाईत बुडवून देतात. "तुझं नाव लिही" असं सांगू नका, नाव सगळेच जपून लिहितात. विज्ञानाच्या वहीतलं एखादं उत्तर पाच-सहा ओळी उतरवायला सांगा. पहिल्या ओळीकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या ओळीला हात सैल पडतो, तेव्हा निबची पाठ वर आहे का बघा. मग पान उलटून मागून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे बोटाला लागले तर मूल दाबतंय.

आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे शिरोरेषा. अक्षरं लहान असतात, त्यांत शाई तुटलेली चटकन दिसत नाही. शिरोरेषा लांब आणि सरळ असते, पेन वळलेलं असेल तर ती मधेमधे तुटते.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याला घेऊन पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेले होते. त्याला धातूचं, चकचकीत पेन हवं होतं. लिहायला दिलं. दुसऱ्या ओळीतच निब डावीकडे कलली आणि "वनस्पती"ची शिरोरेषा दोन ठिकाणी तुटली. मग तिकोनी पकडीचं एक साधं प्लास्टिकचं पेन दिलं. तिकोनी पकडीत बोटांना ठरलेली जागा मिळते, त्यामुळे फिरवायला वावच राहत नाही. त्याने सहा ओळी लिहिल्या, रेघ अखंड. त्याच्या तोंडूनच आलं, "मावशी, हे बोचत नाही." घेतलं ते!

एका ताईंनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलंय, "मुलाला दुकानात नेलं तर सरप्राइज कसं राहील?" ताई, सरप्राइज पाच मिनिटांचं असतं, पेन रोज पाच तास हातात असतं. मला खरंच राग येतो तो मखमली डबीतल्या जड पेनांचा. वर आधीच नाव कोरलेलं, म्हणजे बदलूनही मिळत नाही. मुलाचा हात दुखतो, पेन डबीत परत जातं आणि डबी कपाटात. मुलाला न विचारता घेतलेलं पेन असं फुकट जातं. एवढा खर्च प्रेमानेच केलेला असतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

डावखुऱ्या मुलांबद्दलही विचारलंय. त्यांना चाचणी अजून गरजेची, कारण शिरोरेषा ओढताना त्यांची निब ओढली न जाता ढकलली जाते आणि कागदात रुतते. शिवाय हात ओल्या शाईवरून जातो. निब फाइनच हवी, आणि वही थोडी उजवीकडे कलती ठेवून लिहायला द्या. तरीही रुतत असेल तर हट्ट धरू नका, चांगलं जेल पेन द्या.

नवीन शाळेत शाईपेन चालतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. काही शाळा बॉलपेनच सांगतात.

द्यायचं कधी? शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नको. निकाल साधारण 1 मेच्या सुमारास लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. मधले सहा आठवडे हात वळायला पुरतात. शक्यतो निकालाच्या आधीच द्या. निकालाला जाताना मुलाने पेन आणि एक वही न्यावी. बाईंनी त्याच पेनाने दोन ओळी लिहाव्यात, वर्गातल्या प्रत्येकाने नाव आणि घरचा पत्ता. ही मुलं वेगवेगळ्या शाळांत पांगणार असतात. फक्त आदल्या दिवशी पेन साध्या पाण्याने धुऊन, सुकवून, भरून ठेवा. नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, ते शाई अडवतं.

नाव कोरायचं असेल तर जूनमध्ये, पेन हाताला बसल्यावर. भांड्यांच्या दुकानातल्या मशीनवर प्लास्टिक तडकतं, त्यापेक्षा ट्रॉफीवाल्यांकडे लेझरने करून घ्या. आणि नाव टोपणावर टाका, कारण वर्गात आधी हरवतं ते टोपणच.