कॉफी एक, खुर्ची किती वेळ?

श्रोते हो, नमस्कार.

पुण्यात देखभालीच्या कामासाठी वीज जाण्याचा वार गुरुवार. मी घरी बसून भाषांतराचे काम करते. त्यामुळे वीज जाणार असल्याचा संदेश आदल्या दिवशी मोबाइलवर आला, की लॅपटॉप पिशवीत घालून प्रभात रस्त्यावरच्या किंवा कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत जाऊन बसायचे, हा गेल्या काही वर्षांत माझा परिपाठच झाला आहे. तिथे किती वेळ बसावे, काय मागवावे आणि कसे वागावे, यांविषयी मी आज बोलणार आहे.

कॅफेत काम करायला बसणाऱ्या माणसाला सहसा विजेचा संकोच वाटतो. आपण त्यांच्या प्लगमध्ये चार्जर खुपसून बसलो आहोत, ही जाणीव त्याला टोचत असते. हिशेब मांडून पाहिला तर त्या संकोचात फारसा अर्थ नाही. 65 वॉटचा चार्जर 4 तास पूर्ण क्षमतेने चालला, तरी जेमतेम पाव युनिट वीज लागते, म्हणजे व्यावसायिक दर धरला तरी ती चार-पाच रुपयांच्या आसपासची बाब ठरते. मालकाला महाग पडते ती आपण अडवून ठेवलेली खुर्ची, आणि त्या खुर्चीची किंमत दिवसभर सारखी नसते.

समजा, एका कॅफेत दोघांसाठीचे एक छोटे टेबल आहे. दुपारी 12.30 ते 2.30 या गर्दीच्या वेळात तिथे जेवायला आलेली जोडी साधारण पाऊण तास बसते आणि 600 रुपयांचे बिल करून उठते. दोन तासांत अशा दोन जोड्या सहज होतात आणि त्या टेबलाची कमाई 1200 रुपयांवर जाते. त्याच दोन तासांत मी 180 रुपयांची एक कॅपुचिनो घेऊन तिथे बसून राहिले, तर मालकाची हजार रुपयांची विक्री बुडाली. आता तीच मी सकाळी 9.30 ला गेले, दहापैकी सहा टेबले रिकामी असताना बसले आणि 11.30 ला उठले, तर कोणाचेच काही बुडत नाही. उलट काचेतून आत माणसे दिसली की रस्त्यावरचा माणूस आत वळतो, म्हणून त्या वेळी मालकालाही आपण हवेच असतो. त्यामुळे ‘किती तास बसावे’ याचे उत्तर मी ‘कधी बसावे’ यात शोधते. सकाळी नाश्त्याची गर्दी ओसरल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत, आणि पुढे 3 ते 5 या वेळात, अडीच-तीन तास बसायला मला संकोच वाटत नाही. जेवणाच्या वेळी मात्र एक तर तिथेच जेवावे, नाही तर उठावे. शनिवारी आणि रविवारी लॅपटॉप घेऊन न गेलेलेच बरे.

उठायची वेळ झाली हे कळायला घड्याळच हवे असे नाही. दाराशी माणसे ताटकळत उभी राहिली, वेटरने न मागता बिलाची वही आणून ठेवली किंवा ‘मॅडम, अजून काही?’ हा प्रश्न पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आला, की समजावे. बऱ्याच ठिकाणी वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी द्यावा लागतो, आणि तासा-दोन तासांनी जोडणी आपोआप तुटते. तोंडाने सांगण्याचा अवघडपणा यंत्रावर सोपवण्याची ही पद्धत मला तरी सभ्य वाटते.

आता मागवण्याविषयी. बसल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांतच काही तरी मागवावे. आधी तासभर ईमेल उरकून मग मेन्यू उघडणारी माणसे वेटरच्या चांगलीच लक्षात राहतात. त्यानंतर साधारण दीड तासाने दुसरे काही तरी घ्यावे. मी पहिल्यांदा कॉफी घेते आणि दुसऱ्यांदा खाण्याचा पदार्थ, कारण एका जागी तीन कॉफ्या प्यायल्या तर त्या रात्री झोपेचा हिशेब मागतात. पदार्थ निवडताना आपली बोटे आठवावीत. सँडविच किंवा केकचा तुकडा काट्याने खाता येतो. चीज घातलेल्या फ्राइज खाल्ल्या की कळफलक तुपट होतो. सूप किंवा काठोकाठ भरलेला कोल्ड कॉफीचा उंच ग्लास लॅपटॉपच्या उजव्या हाताला ठेवू नये, हे मी एक कळफलक बदलून शिकले आहे. घरचा डबा तिथे उघडू नये, मग त्यात कितीही छान थालीपीठ असो.

जागा निवडताना चौघांचे टेबल सोडून भिंतीलगतची किंवा काचेसमोरची एकेरी जागा घ्यावी. प्लग तिथे असला तर उत्तमच, पण वायर वाटेत येता कामा नये. एकदा माझी वायर दोन टेबलांमधून प्लगपर्यंत ताणलेली होती. तीन कप असलेला ट्रे घेऊन येणाऱ्या मुलाचा पाय तिच्यात अडकला, दोन कप फुटले, आणि ‘दादा, चूक माझी आहे’ असे मी म्हणेपर्यंत तोच मला ‘सॉरी, ताई’ म्हणून मोकळा झाला. फुटलेल्या कपांचे पैसे मी काउंटरवर दिले, आणि तेव्हापासून घरून बॅटरी पूर्ण भरून निघते. कॅफेच्या भागातच वीज गेलेली असेल, तर दिवे इन्व्हर्टरवर चालतात आणि प्लग बहुधा बंद असतात; म्हणून गुरुवारी मागवण्याआधीच विचारून घ्यावे.

फोनवरच्या बैठकींबद्दल मी जरा कडक आहे. हेडफोन लावल्याने समोरच्याचा आवाज बंद होतो, आपला होत नाही. उलट कान झाकले गेल्यामुळे माणूस नेहमीपेक्षा मोठ्याने बोलतो आणि शेजारच्या टेबलाला त्याच्या कंपनीची तिमाही विक्री तोंडपाठ होते. दोन-चार मिनिटांचा फोन बाहेर पायरीवर जाऊन घ्यावा. तासाभराची बैठक असेल त्या दिवशी कॅफेत जाऊच नये. तासावर भाड्याने मिळणारी को-वर्किंगची जागा त्यासाठीच असते.

सगळ्याच जागा या कामासाठी नसतात, हेही सांगायला हवे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत किंवा डेक्कनवरच्या गुडलकमध्ये गर्दीच्या वेळी आपल्या खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक उभे असते. तिथे खावे, गप्पा माराव्यात आणि उठावे. लॅपटॉप पिशवीतच राहू द्यावा.

निघताना बिल मोबाइलने चुकते केले, तरी मी वेटरसाठी वीस-तीस रुपये रोख ठेवते, आणि तीन तास बसले असेन तर पन्नास, कारण तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याची दोन-तीन गिऱ्हाइके माझ्या एकटीमुळे कमी झालेली असू शकतात. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितले आहे; त्यामुळे ते दिसले तर काढायला सांगता येते, आणि ते पैसे थेट त्या मुलाच्या हातात देता येतात. मग चार्जर काढावा, टेबलावरचे केकचे कण कागदी रुमालाने बशीत गोळा करावेत आणि खुर्ची आत सरकवावी. दाराशी थांबलेली माणसे तोवर तुमच्या टेबलाकडे निघालेली असतात.

नमस्कार.