घडी न पडणारा ग्राफ

(पडद्यावर दहा ठिपके. प्रत्येकाशेजारी दोन अंक.)

एक ते पाच या अंकांमधून दोन-दोनच्या जोड्या काढल्या तर दहा जोड्या होतात: १२, १३, १४, असं करत ४५ पर्यंत. प्रत्येक जोडीसाठी एक ठिपका. आता ज्या दोन जोड्यांमध्ये एकही अंक सामायिक नाही, त्यांच्यामध्ये रेघ ओढू. १२ पासून ३४ ला रेघ जाते, ३५ ला जाते, ४५ ला जाते. १३ ला जात नाही, कारण १ हा अंक दोघांतही आहे. प्रत्येक ठिपक्यातून बरोबर तीन रेघा निघतात आणि एकूण रेघा भरतात पंधरा.

हा पीटरसन ग्राफ. डेन्मार्कचे गणितज्ञ युलियस पीटरसन यांनी १८९८ मध्ये तो आपल्या लेखात मांडला आणि नाव त्यांचं पडलं. त्याआधी १८८६ मध्ये इंग्लंडचे गणितज्ञ केम्पे यांच्या लिखाणात तो येऊन गेला होता.

या दहा ठिपक्यांना रंग द्यायचे आहेत. अट एकच, रेघेच्या दोन टोकांना एकच रंग नको. १ असलेल्या चारही जोड्या लाल करू. त्या सगळ्यांत १ आहे, म्हणून त्यांच्यात आपसांत रेघ असूच शकत नाही. उरलेल्यांपैकी २ असलेल्या तीन जोड्या, २३, २४ आणि २५, निळ्या. शेवटी राहिल्या ३४, ३५, ४५. यांतल्या कोणत्याही दोघींत एक अंक सारखा आहेच, तेव्हा त्या हिरव्या. तीन रंगांत काम झालं.

(पडद्यावर शेजारी एक त्रिकोण उमटतो. त्याची टोकं लाल, निळं, हिरवं.)

आता हेच काम दुसऱ्या नजरेने बघू. शेजारी एक त्रिकोण आहे, म्हणजे तीन बिंदू आणि प्रत्येक दोघांत रेघ. असा ग्राफ, ज्यात प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांना जोडलेला असतो, त्याला पूर्ण ग्राफ म्हणतात. एखाद्या ठिपक्याला लाल रंग देणं म्हणजे तो ठिपका उचलून त्रिकोणाच्या लाल टोकावर नेऊन ठेवणं. रंगाची अट मग अशी वाचता येते: मूळ ग्राफात जिथे रेघ होती, तिथे त्रिकोणातही रेघ सापडली पाहिजे. लालकडून लालकडे रेघ नाही, म्हणून रेघेची दोन्ही टोकं लाल होऊ शकत नाहीत.

बिंदू कुठे न्यायचा हे ठरवणारा असा नियम, ज्यात प्रत्येक रेघ रेघेवरच जाऊन पडते, त्याला होमोमॉर्फिझम म्हणतात. दोन वेगळे बिंदू एकाच जागी गेले तरी चालतं. फक्त रेघेने जोडलेले दोन बिंदू एकत्र येता कामा नयेत आणि रेघ तुटता कामा नये. तीन रंगांत रंगवणं म्हणजे त्रिकोणात जाणारा होमोमॉर्फिझम, चार रंगांत रंगवणं म्हणजे चार बिंदूंच्या पूर्ण ग्राफात जाणारा. हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत, त्यात काही सूट किंवा अंदाज नाही.

मग सहज प्रश्न येतो की न्यायची जागा पूर्ण ग्राफच का असावी? ती कोणताही ग्राफ असू शकते. आणि मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे: ग्राफाला बाहेर कुठे न नेता त्याच्या स्वतःमध्येच नेलं तर? म्हणजे कागदाची घडी घालतो तशी ग्राफाची घडी त्याच्याच एका भागावर घालता आली तर किती घालता येईल?

(पडद्यावर पंचकोन. टोकं अ, ब, क, ड, ई. मग सहावा बिंदू फ.)

हा साधा पंचकोन आहे, अ-ब-क-ड-ई आणि परत अ. त्यात फ नावाचा सहावा बिंदू घालू आणि तो अ आणि क यांना जोडू. ब सुद्धा अ आणि क यांनाच जोडलेला आहे, म्हणजे फ हा ब ची सहीसही नक्कल. फ उचलून ब वर ठेवला तर फ-अ ही रेघ ब-अ वर पडते आणि फ-क ही ब-क वर. काही तुटलं नाही. सहा बिंदूंचा ग्राफ पाच बिंदूंवर आला.

आता पंचकोनाची आणखी घडी पडेल का? नाही, आणि कारण बघण्यासारखं आहे. पंचकोन म्हणजे पाच पावलांची फेरी. त्यातले दोन बिंदू एकत्र केले तर ते शेजारी नसणार, म्हणजे त्यांच्यात एका बाजूने दोन पावलं आणि दुसऱ्या बाजूने तीन पावलं असणार. ते चिकटल्यावर फेरी दोन तुकड्यांत मोडते: एक दोन पावलांची आणि एक तीन पावलांची. दोन पावलांची फेरी म्हणजे एका रेघेवरून जाऊन परत येणं, त्यात अडचण नाही. पण तीन पावलांची फेरी म्हणजे त्रिकोण. पंचकोनात त्रिकोण कुठेच नाही.

असा भाग, ज्यावर सगळा ग्राफ घडी होऊन येतो आणि ज्याची स्वतःची पुढे घडी पडत नाही, त्याला त्या ग्राफाचा गाभा म्हणतात. इंग्रजीतला शब्द कोअर. आपल्या सहा बिंदूंच्या ग्राफाचा गाभा पंचकोन. घड्या कोणत्याही क्रमाने घातल्या तरी शेवटी हाती येणारा गाभा रचनेने तोच असतो. दोन गाभे निघाले असं समजा. पहिल्यातून दुसऱ्यात जाता येतं, दुसऱ्यातून पहिल्यात परत येता येतं. पण पहिल्याची घडी पडत नाही, म्हणून या जाण्या-येण्यात कोणतेच दोन बिंदू चिकटत नाहीत. दुसऱ्याचंही तसंच. मग दोघांची रचना सारखीच असावी लागते.

(पडद्यावर ब आणि फ यांच्यात एक नवी रेघ.)

आता त्याच ग्राफात एकच रेघ वाढवू, ब पासून फ पर्यंत. फ आता ब वर ठेवता येत नाही, कारण ते शेजारी झाले. रेघ वाढली, बंधन वाढलं, तेव्हा गाभा मोठा होईल असं वाटतं. होतं उलटंच. अ, ब, फ यांचा त्रिकोण तयार झाला आहे. क ला अ वर ठेवा, ड ला ब वर, ई ला फ वर. एकेक रेघ तपासू. क-ड गेली अ-ब वर, ड-ई गेली ब-फ वर, ई-अ गेली फ-अ वर. ब-क आणि फ-क या रेघा ब-अ आणि फ-अ वर आल्या. सगळा ग्राफ तीन बिंदूंवर मिटला. नव्या रेघेने एक घडी बंद केली आणि दुसऱ्या तीन उघडल्या. जी त्रिकोणाची जागा आधी नव्हती, ती आता ग्राफाच्या आतच आहे.

इथेच पुष्कळ जण घसरतात. पीटरसन ग्राफ तीन रंगांत रंगतो, म्हणजे तो त्रिकोणात जातो, मग त्याचा गाभा त्रिकोण असं बोलून टाकतात. पण गाभा ग्राफाच्या आतच असावा लागतो. त्रिकोणासाठी तीन जोड्या लागतील ज्यांत एकही अंक सामायिक नाही. त्याला सहा अंक लागतात आणि आपल्याकडे पाचच आहेत. आत त्रिकोण नाही, म्हणून त्रिकोण हा गाभा नाही. कोणत्याही ग्राफासाठी हे आधी तपासायचं: ज्या जागेत ग्राफ जातो, ती जागा ग्राफात सापडते का?

(पडद्यावर पुन्हा पीटरसन ग्राफ. १२ आणि १३ उजळतात.)

मग पीटरसनचा गाभा काय? त्याच्या आत पंचकोन तर आहेत. गाभा पंचकोन असेल का?

घडी पडते असं धरू, म्हणजे कोणते तरी दोन ठिपके एकत्र येतात. ते शेजारी नाहीत, म्हणजे त्यांच्या जोड्यांत एक अंक सामायिक आहे. अंकांची नावं बदलून घेतली तर ते १२ आणि १३ आहेत असं म्हणता येतं. आता ही फेरी बघा: १२ वरून ४५, तिथून १३, तिथून २४, तिथून ३५ आणि परत १२. लागोपाठच्या कोणत्याही दोन जोड्यांत सारखा अंक नाही, तेव्हा हा ग्राफातला खरा पंचकोन आहे आणि आपले दोन्ही ठिपके त्यावर आहेत. ते चिकटले की पाच पावलांची फेरी मोडते, दोन पावलांची आणि तीन पावलांची. तीन पावलांची फेरी म्हणजे त्रिकोण, आणि तो इथे नाही.

म्हणजे कोणतेच दोन ठिपके एकत्र येत नाहीत. पीटरसन ग्राफाला एकही घडी पडत नाही. दहाच्या दहा ठिपके आणि पंधराच्या पंधरा रेघा हाच त्याचा गाभा. हा युक्तिवाद मी कितीदा तरी कागदावर उतरवला आहे आणि १२ आणि १३ त्या पंचकोनावर सापडतात त्या क्षणी दर वेळी तितकाच आनंद होतो.

गाभ्याचा एक थेट उपयोग असा, की एखाद्या ग्राफात जाता येतं का हे विचारणं आणि त्याच्या गाभ्यात जाता येतं का हे विचारणं एकच. समजा न्यायच्या जागेचे बिंदू दोन गटांत वाटता येतात आणि प्रत्येक रेघ एका गटातून दुसऱ्या गटात जाते. अशा ग्राफात एक जरी रेघ असली तरी त्याचा गाभा म्हणजे एकच रेघ, दोन बिंदूंची. मग प्रश्न उरतो दोन रंगांत रंगवण्याचा. तो सोपा आहे, एका बिंदूपासून सुरू करून आळीपाळीने रंग देत जायचं आणि कुठे टक्कर होते का बघायचं. १९९० मध्ये पावोल हेल आणि यारोस्लाव नेशेत्रिल यांनी सिद्ध केलं की बिंदू स्वतःलाच जोडणारी रेघ कुठे नसेल, तर सोपं प्रकरण एवढंच. न्यायची जागा अशी दोन गटांत वाटता येत नसेल तर प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी झटपट चालणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही अशा अवघड प्रश्नांपैकी एक. मधलं काही नाही. पंचकोन असो, पीटरसन असो, सगळे अवघड बाजूला.

(पडद्यावर सहावा अंक येतो. ठिपके पंधरा होतात.)

आणि आता पाचाऐवजी सहा अंक घेऊन बघा. जोड्या पंधरा होतात. १२, ३४, ५६ यांचा त्रिकोण आता आत आहे, म्हणजे आपला युक्तिवाद जिथे त्रिकोण नाही म्हणून थांबत होता, तिथे तो आता थांबत नाही. या ग्राफाला चार रंग लागतात, म्हणून त्रिकोण हा गाभा नाहीच. तरी हाही ग्राफ स्वतःचाच गाभा आहे. ते दाखवायला फेऱ्या मोजणं सोडून द्यावं लागतं आणि पाहावं लागतं की ज्यांच्यात आपसांत एकही रेघ नाही, असे सर्वांत मोठे गट कोणते. ते पाच-पाच जोड्यांचे असतात आणि प्रत्येक गटात एक ठरावीक अंक सगळ्यांत असतो. घडी घातली तरी अशा गटावर येऊन पडणारे ठिपके मिळूनही असाच पाचांचा गट होतो, आणि प्रत्येक ठिपका अशा दोन गटांच्या छेदात एकटाच बसलेला आहे.